दहाला एक दाबाचा

फोन आला तो नातीच्या बारशाच्या दिवशी, आणि तिथंच घात झाला. घरात बायकांची ही गर्दी, पाळण्याची दोरी हातात, आणि पलीकडून जयदीप इंजिनियर विचारतोय, "मावशी, चाकणच्या कंपनीचा रस्ता. तीनशे मीटर लांब, दहा मीटर रुंद. रोल किती मागवू?" सुभद्राबाई म्हणाल्या, "सहा." जयदीप हसला. "माझे पण सहाच येतायत." झालं! दोघांचं जुळल्यावर तिसऱ्यानं मोजायचं कशाला?

सुभद्राबाई मारुंजीच्या. पूर्वी ब्लाऊज शिवायच्या. शिवणावर पोट भरेना, तेव्हा अर्जुनराव ठेकेदारांकडं, म्हणजे जयदीपच्याच मालकांकडं, कामाला लागल्या आणि बारा वर्षांत आठ माणसांच्या टोळीच्या मुकादम झाल्या. रस्त्याची किंवा गटाराची खडी पडायच्या आधी मातीवर जे जाड पांढरं कापड अंथरतात ना, ज्याला साहेब लोक जिओटेक्स्टाइल म्हणतात, ते अंथरायचं ह्यांचं काम. शिवणकाम सुटलं तरी त्यातली एक गोष्ट सुटली नाही. ब्लाऊजला जसा शिलाईसाठी दाब सोडतात, तसा इथंही एक पट्टी दुसरीवर अर्धा मीटर चढवायची. म्हणून रोलचा त्यांचा हिशेब ठरलेला असे : दहाला एक दाबाचा, आणि वर एक हाताशी. बारा वर्षांत तो कधी चुकला नव्हता. "बाईचा आकडा म्हणजे पोस्टाचा शिक्का," असं रावेतचे अर्जुनराव चारचौघांत म्हणायचे.

सोमवारी सकाळी नऊ वाजता चाकणला त्या कंपनीच्या मागच्या बाजूला काम सुरू झालं. पाच मीटर रुंदीचे, शंभर मीटर लांबीचे सहा रोल मांडलेले. एकेका रोलमधून दहा मीटरच्या दहा पट्ट्या कापायच्या आणि रस्त्यावर आडव्या टाकायच्या. पहिली पट्टी पडली. दुसरी टाकताना सुभद्राबाईंनी तिची कड पहिलीच्या खाली सरकवली, म्हणजे मशीन खडी पुढं ढकलताना जोड उचलला जात नाही, आणि लाल रंगाची अर्ध्या मीटरची काठी जोडावर ठेवली. काठी ठेवली मात्र, बाईंना बारशाचा दिवस आठवला. दाब! फोनवर दाब धरलाच नव्हता.

त्यांनी तिथंच मातीत काठीनं रेघा ओढल्या. सहा रोलच्या साठ पट्ट्या. साठ पाचे तीनशे, पण ते जोडाला जोड लावला तर. इथं जोड एकोणसाठ आणि दर जोडाला अर्धा मीटर गिळणार. म्हणजे एकोणतीस मीटरच्या वर रस्ता उघडा राहणार, आणि तोही कुठं, तर कंपनीच्या फाटकाजवळ, नाल्याच्या काठाला, जिथली काळी माती नुसतं बोट दाबलं तरी खचते. सदुसष्ट पट्ट्या लागत होत्या. सात रोल.

मागं खडीचे चार डंपर घरघरत उभे. जयदीपला सांगितलं, तर त्याचा चेहरा कागदासारखा झाला. त्यानं नुसता लांबी-रुंदीचा गुणाकार केला होता.

"मावशी, सातवा रोल उद्याशिवाय येत नाही. चार वाजता कंपनीचा माणूस बघायला येणार आहे." त्यानं आवाज खाली आणला. "असं करा, जोडाला जोड लावा. बरोब्बर तीनशे मीटर होतंय. वरून खडी पडली की कोण बघतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

 सुभद्राबाईंच्या डोळ्यापुढं माण गावचं काम होतं. अर्जुनरावांनी तीन महिन्यांचं काम कबूल केलं होतं, मारुंजीला लागूनच. टोळीतल्या बायकांना पहाटे पाचला उठून टेम्पोत कोंबून घ्यावं लागणार नव्हतं. आणि मोजणीत चुकेल त्याला पुढचं काम नाही, हा अर्जुनरावांचा कायदा. गेल्या वर्षी सख्ख्या मेहुण्याला घरी बसवला होता.

"मी काय म्हंते, साहेबाचं ऐका की," शालनबाई कानाशी म्हणाल्या. टोळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या, गुडघे गेलेल्या. "माणचं काम गेलं तर मला न्हाई जमायचं टेम्पोत चढायला."

बाईंना हुंदकाच फुटणार होता, पण त्यांनी तो राग करून बाहेर काढला. "शालन, ट्रक गेला की कापड सरकतं, जोडाला जोड लावला तर फट पडती. खडी खाली, चिखल वर. दर पाच मीटरला खड्डा! उसवलेला ब्लाऊज कधी दिला व्हता का मी कुणाला? चल, धर कड!"

जयदीपनं कपाळाला हात लावला आणि अर्जुनरावांना फोन लावला. बाईंनी फोन त्याच्या हातातून घेतला. "अर्जुनराव, रोल सहा सांगितले ते मीच. दाब धरायचा इसरले. फाटकाजवळ तीस मीटर उघडं ऱ्हाईल. अजून एक रोल लागतोय." जयदीपचं नाव त्यांनी घेतलं नाही.

अर्जुनरावांनी ऐकून घेतलं. मग, "बारा वर्षं तुमच्या शब्दावर माल उचलला बाई. माणचं विसरा आता." फोन बंद.

दिवसभर टोळीचं एकच चाललेलं. पट्टी, काठी, पट्टी, काठी. मागून खडी सरकत होती. चारच्या सुमाराला साठावी पट्टी संपली आणि पुढं नाल्यापर्यंत ओली काळी माती उघडी दिसत राहिली. एवढ्यात फाटकातून कंपनीचा माणूस आला आणि त्याच्या मागोमाग अर्जुनरावांची गाडी. बाईंनी काठी खाली ठेवली.

"हे उघडं का?" कंपनीच्या माणसानं विचारलं.

"एक रोल कमी पडला. उद्या येतोय," अर्जुनराव म्हणाले. बाईंकडं त्यांनी पाहिलंही नाही. त्यांनी लाल काठी उचलली आणि खडी न पडलेल्या भागात कडेकडेनं चालत गेले. एका जोडापाशी उकिडवे बसले, वरची कड उचलली, काठी लावली. बरोबर अर्धा मीटर. चार जोड सोडून पुन्हा बसले. बरोबर. शेवटच्या जोडाला तर काठीपेक्षा दोन बोटं जास्तच होतं. कंपनीच्या माणसानं मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि निघून गेला.

अर्जुनराव परत आले. जयदीप पुढं झाला आणि खाली बघत म्हणाला, "सर, माझा पण आकडा सहाच होता. आणि जोडाला जोड लावा असं मीच म्हणालो होतो. मावशींनी ऐकलं नाही."

अर्जुनरावांनी त्याच्याकडं पाहिलं, मग बाईंकडं. "तुम्ही हे फोनवर का नाही बोललात?"

"त्यांनी मला इचारलं व्हतं. म्या सांगितलं. मंग चूक माझीच न्हाई का?"

 अर्जुनरावांनी काठी बाईंच्या हातात दिली आणि गाडीचं दार उघडलं. आत बसता बसता थांबले.

"माणचा रस्ता सहाशे मीटर, रुंदी बारा. रोल किती मागवू?"

शालनबाईंनी बाईंचा दंड घट्ट धरला. बाईंच्या ओठांवर आकडा आला होता. त्यांनी तो गिळला, आणि डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसलं.

"आज न्हाई सांगत," त्या म्हणाल्या. "उद्या जागा बघते, मोजते, मंग सांगते."

"बरं. उद्या सकाळी आठला माणला या," अर्जुनराव म्हणाले आणि दार लावून घेतलं.