कालचा दिवस

मी शब्द दिला होता आणि तो मोडला. मुलाखतीत घाबरून तोंडातून निसटलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. ते खरं नाही. मला हुशार दिसायचं होतं.

मी साताऱ्याकडून चिंचवडला मेहुण्यांकडे आलो होतो. गावाबाहेरच्या एका लहान औषध कारखान्यात इंजेक्शनच्या कुप्या भरायला माणसं हवी होती. मेहुणे म्हणाले, "अर्जाआधी तिथल्या माणसाला भेट. नोकरी मागू नकोस. काम कसं आहे असंही विचारू नकोस, सगळे बरं आहे म्हणतात. कालचा दिवस विचार."

मेहुण्यांच्या घरमालकांचे चुलत भाऊ त्या कारखान्यातच कामाला होते. एका सुट्टीच्या दिवशी त्यांच्या गोठ्यापाशी जाऊन बसलो.

"दादा, कालचा दिवस तेवढा सांगता का?"

"काल कालवणात मीठ न्हवतं. तिथनं सांगू?"

"कारखान्यात शिरल्यापासून."

ते हसले आणि सांगू लागले. आत जाताना कपडे बदलायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे, तोंडाला फडकं बांधायचं. भरलेल्या कुपीचं टोक ज्योतीवर धरून बंद करायचं. दिवसभर तेच. खोलीत पंखा नाही, कारण ज्योत हलते आणि धूळ उडते. लघवीला गेलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून, म्हणून ते पाणीच कमी पीत.

"आन् नाकाला खाज सुटली तर सुटू द्यायची," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "लई उकडलं की फडकं नाकाखाली घेतो. ह्ये कुटं बोलू नगंस, राव."

"नाही बोलणार, दादा."

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "कामाची काही कल्पना आहे?" मी सगळं सांगितलं, फडक्यासकट. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे कोणी सांगितलं?"

मी नाव सांगितलं.

मला नोकरी लागली. दादांना त्या खोलीतून काढून गाडीत खोकी चढवायला बाहेर आवारात घातलं. त्यांचं स्टूल मला मिळालं. उकडायचं, खाज सुटायची, मी फडकं नाकावरच ठेवायचो. वाईटही वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. फाटकात ते दिसले की मी डबा या हातातून त्या हातात घ्यायचो.

अशी दोन वर्षं गेली. मग एका सुट्टीच्या दिवशी त्याच गोठ्यापाशी गेलो. खोकी उचलून त्यांचा उजवा खांदा खाली आला होता. त्यांनी बसायला पोतं सरकवलं.

"आज काय इचारायचं हाय?"

"विचारायचं नाही, सांगायचंय. फडक्याचं मी सांगितलं. नावही मीच घेतलं, कुणी दमदाटी केली नव्हती. माझं चुकलं, दादा. मला माफ करा."