धाकटी, वीज आणि चाळीस टक्के

ताईच्या सलूनमध्ये चार खुर्च्या होत्या, आणि चारही खुर्च्यांवर काम करणाऱ्या बायकांना ती सुरुवातीपासून ठरलेला पगार देत आली होती. गिऱ्हाईक आलं तरी पगार, नाही आलं तरी पगार. "पोटाला चिमटा बसला की कात्री हलते," असं ती म्हणायची. तिने स्वतः उमेदीची वर्षं दुसऱ्यांच्या खुर्चीवर काढली होती आणि कात्री हलते म्हणजे काय होतं, हे गिऱ्हाइकांच्या कानांवर पाहिलं होतं.

चार खुर्च्यांपैकी एक तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीची. तिला सगळे धाकटीच म्हणत. धाकटीचा हात हळू. रंग लावायचा तर ती केसांची एकेक बट अशी उचलायची, जणू कोणाची झोप मोडेल. पण बिघडलेला रंग सुधारावा तर तिनेच. दुसरीकडे केस करपवून आलेल्या बायका तिच्यासमोर बसून रडायच्या आणि चार-पाच तासांनी आरशात बघत हसत उठायच्या. दुसऱ्या खुर्चीवर होती वीज. नाव ताईनेच ठेवलेलं. बोलण्यात वीज, कात्रीत वीज. एकटी सलूनचा निम्मा गल्ला आणायची. उरलेल्या दोघी कामापुरत्या बऱ्या होत्या आणि केस धुवायला एक मावशी होती.

एका दुपारी वीज ताईसमोर येऊन उभी राहिली.

"ताई, स्पष्ट बोलू? पलीकडच्या रस्त्यावर नवं सलून उघडलंय. ते चाळीस टक्के देतायत. मी एवढं आणते आणि जी आणत नाही तिच्याइतकाच पगार घेते, हे मला आता पटत नाही."

ती धाकटीकडे बघत नव्हती. बघायची गरजही नव्हती.

वीज गेली तर तिची गिऱ्हाइकं तिच्यामागे जाणार, हे उघड होतं. आणि खरं सांगायचं तर विजेचं म्हणणं खोटंही नव्हतं. ताईने दोन दिवस विचार केला, पण विचार कसला, ती नुसती घाबरली होती. एकीला टक्के आणि तिघींना पगार दिला तर भांडणं होतील, म्हणून तिने सगळ्यांचाच पगार बंद केला आणि सगळ्यांना बिलाच्या चाळीस टक्के लावून दिले. कामाला हात लावेल ती खाईल.

"ताई, मला जमेल का गं?" धाकटीने घरी जाताना विचारलं.

"जरा हात चालव म्हणजे जमेल," ताई म्हणाली. हे वाक्य पुढे तिला फार महागात पडलं.

पहिला महिना दणक्यात गेला. गल्ला वाढला, वीज गुणगुणत काम करू लागली. पण मग दार उघडलं की धाकटी सोडून तिघी एकदम उठायला लागल्या. लांब केसांच्या बाईला तिघी हसून या म्हणायच्या आणि लहान मुलाचे केस कापायचे असले की तिघींनाही अचानक पाणी प्यायला जायचं असायचं. खाली पडलेले केस झाडायला कोणी वाकेना, कारण झाडूवर टक्के नव्हते. ज्यांना नुसती टोकं कापून हवी होती, त्या बायका रंग लावून बाहेर पडू लागल्या.

आणि रंगातच ताई बुडत होती. टक्के पूर्ण बिलावर ठरलेले. रंगाची ट्यूब, लाइटबिल, पाणी, भाडं, मावशीचा पगार सगळं तिच्या साठ टक्क्यांतून. बिल जितकं मोठं, माल तितका जास्त जाई, आणि मुली कमी पडायला नको म्हणून सढळ हाताने ट्यूब पिळत. माल कुठे त्यांच्या बापाचा होता! सलून भरलेलं आणि ताईचा हात रिकामा, असं ते विचित्र गणित होतं.

मग एक शिक्षिका तक्रार घेऊन आली. विजेने घाईघाईत तिचे केस उजळले होते, पुढची बट रबरासारखी ताणली जात होती. वीज दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतलेली. धाकटीने न बोलता शिक्षिकेला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि सबंध दुपार त्या केसांवर घालवली. आपल्याच सलूनमध्ये बिघडलेलं काम फुकटच सुधारून द्यायचं असतं. पहिलं बिल विजेच्या नावावर, टक्के विजेला. धाकटीच्या वाट्याला त्या दुपारचं काही नाही.

ताईला हे दिसलं होतं. तिने मनात म्हटलं, घरचीच आहे, समजून घेईल. आपल्या माणसाला गृहीत धरायला कुठे टक्के लागतात?

महिनाअखेरीला धाकटीच्या हातात जुन्या पगाराच्या निम्मेही आले नाहीत. ती भांडली नाही. तिने आपल्या कात्र्या पुसून डब्यात भरल्या आणि ती म्हणाली, "ताई, मी उद्यापासून येत नाही. रागावून नाही हं. मला परवडत नाही."

"अगं, मी काहीतरी करते ना..."

"विजेसाठी तू लगेच केलंस," धाकटी म्हणाली. एवढंच म्हणाली.

धाकटी गेल्यावर बिघडलेलं काम सुधारायला कोणी उरलं नाही. तक्रारी वाढल्या. मग लग्नसराईचा हंगाम संपला, दुकान ओस पडलं, आणि बाकीच्या दोघींपैकी एक म्हणाली, "रिकाम्या खुर्चीचे चाळीस टक्के किती होतात हो ताई?" आणि तीही गेली. घाबरलेल्या ताईने नियम फिरवला. आता टक्के मालाचा खर्च वजा करून मिळतील. हिशेब रास्त होता, पण मध्येच बदललेला रास्त हिशेबही फसवणुकीसारखाच दिसतो. वीज हसली. "दिलेलं काढून घ्यायचं होतं तर दिलंत कशाला?" आठवड्यात ती पलीकडच्या रस्त्यावर गेली, आणि तिची गिऱ्हाइकं तिच्या फोनमधून तिच्यासोबत गेली.

तेव्हा कुठे ताई शांतपणे बसून विचार करू लागली. घर चालेल एवढा पगार पक्का. पगाराच्या तिप्पट काम होईपर्यंत वर काही नाही, कारण तेवढ्यात भाडं, माल आणि दुकान निघतं. त्यापुढच्या कामावर मात्र टक्के, आणि तेही मालाचा खर्च काढून. बिघडलेलं काम जी सुधारेल, तिच्या वेळेचे पैसे जिने बिघडवलं तिच्या टक्क्यांतून. गिऱ्हाईक दारात आलं की पाळीने घ्यायचं. मावशीलाही थोडा वाटा.

हे घेऊन ती धाकटीच्या घरी गेली. धाकटीने चहा ठेवला, सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "असंच हवं होतं. यात वीजही राहिली असती."

"मग येतेस?"

धाकटीने गॅस बंद केला. केशकर्तन शिकवणाऱ्या एका संस्थेत ती लागली होती. मुलींना रंग शिकवायची. "तिथे पक्का पगार आहे, ताई. आणि मी हळू आहे म्हणूनच त्यांनी मला घेतलंय. पोरी म्हणतात, तुमचं बघून कळतं." तिने चहा कपांत ओतला. "तुझ्याकडे मला रोज वाटायचं की मी तुझ्यावर ओझं आहे. ते परत नको गं."

ताई चहा पिऊन उठली.

आता सलूनमध्ये दोन खुर्च्यांवर चादरी घातलेल्या आहेत. एका खुर्चीवर ताई, दुसऱ्या खुर्चीवर उरलेली एक. तिला नवी पद्धत लागू आहे, पण तिप्पट काम होईल एवढी गिऱ्हाइकंच येत नाहीत, त्यामुळे ती पद्धत चांगली की वाईट हे कळायला मार्ग नाही. मावशी दुपारी बेसिनजवळ बसून पेंगते. जागेच्या मालकाने दोनदा विचारलंय, सोडणार असाल तर आधी सांगा.

परवा ती शिक्षिका आली. दारातूनच आत डोकावली.

"त्या नाहीत का? हळू हाताच्या?"

"नाहीत," ताई म्हणाली. "मी करून देते ना. बसा."

"नको, घाईत आहे. येईन नंतर."

दार बंद झालं. ताई हातात टॉवेल घेऊन उभीच राहिली, आणि मग तिने तो परत घडी घालून ठेवला.