कोट पाहिला, माणूस पाहिला नाही

दुपारपासून संताप उतरत नाही, म्हणून इथं लिहिते.

शेजारची ऋचा आज माझ्यासोबत हर्सूलहून कॉस्प्लेच्या स्पर्धेला आली. अॅनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिकांतल्या पात्रांचे वेश करायची ही स्पर्धा. चार महिने ती स्वतः शिवत होती. कोट समुद्री चाच्यांच्या मालिकेतला, कपाळपट्टी निन्जांच्या मालिकेतली, पाठीवरचा पंखा तिसऱ्याच मालिकेतला.

परीक्षक कोटाकडे बघून म्हणाले, "चाच्यांचा कप्तान ना? मग ही पट्टी कशाला? ही भेळ आहे, पात्र नाही." ऋचा बाद.

मागच्या रांगेतली एक अनोळखी मुलगी उठली. "सर, कोट क्या देखते? कपडे तो कोई भी बदलता. जे उतरवता येत नाही ते बघा. डाव्या भुवईवर व्रण. केसांत एकच पांढरी बट. तलवार उजव्या कमरेला, म्हणजे डावखुरा. तिन्ही गोष्टी एकाच पात्राला लागू होतात, पहारेकऱ्यांच्या मालिकेतल्या सेनापतीला. त्यानं दुसऱ्यांचे कपडे घातलेत, बस."

"व्हय सर," ऋचा म्हणाली. "फॉर्मला सेनापतीचंच चित्र जोडलंय."

फॉर्म परीक्षकांच्याच टेबलावर होता. त्यांनी तो उलटून पाहिला आणि म्हणाले, "आता निकाल लागला."

रिक्षात ऋचानं कोट काढून घडी घातली. रंगवलेला व्रण मात्र घरी पोचेपर्यंत पुसला नाही.

तुमच्यात कुणी परीक्षक असेल तर सांगा. समोरचा कोण आहे हे त्यालाच विचारायला किती वेळ लागतो?