प्रोटॉन कुठे बसतो

मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी मी बारावीनंतर एक वर्ष घेतलं तेव्हा कंपू भागातल्या एका कोचिंगमध्ये जात होते. तिथे दोन बॅच होत्या. पहिल्या बॅचला रसायनशास्त्र मोठे सर स्वतः शिकवायचे, दुसरीला त्यांच्या हाताखालचे तरुण सर. मी दुसरीत होते. पहिलीत चाळीस जणांनाच जागा, आणि दर तीन महिन्यांनी एका टेस्टवरून ते चाळीस जण ठरायचे. दुसऱ्या बॅचमधून वर कुणी गेलं की त्याचं बोलणंसुद्धा बदलतं, असं आम्हाला वाटायचं.

मी वर्गात बोलत नसे. शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे सगळे शब्द मला इंग्रजीतच येत, आणि वर्ग चालायचा हिंदीत. ‘लोन पेअर’ला, म्हणजे अणूवरच्या बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीला, शेजारची मुलं ‘एकाकी युग्म’ म्हणायची, तेव्हा मला तो एखाद्या कवितेतला शब्द वाटायचा. माझ्या बाकावर माझ्याशेजारी बसायची ती दाना ओली या गल्लीतली, आमच्यासारखीच पिढ्यान्‌पिढ्या इथे हिंदी मुलखात राहिलेल्या मराठी घरातली. आम्ही मराठीत सुरुवात करून हिंदीत संपायचो. ती नियम पाळणारी मुलगी होती. सर जे सांगतील ते तिच्या वहीत आखून, चौकटीत असे.

अमाईनची बेसिसिटी, म्हणजे कुठला नायट्रोजन प्रोटॉन किती सहज उचलतो, हे ठरवायला तरुण सरांनी आम्हाला तीन चाळण्या दिल्या होत्या. पहिली चाळणी रेझोनन्सची: नायट्रोजनची जोडी शेजारच्या दुहेरी बंधात किंवा बेंझिनच्या कड्यात वाटली जात असेल तर ती प्रोटॉनसाठी मोकळी नाही, त्याला खाली टाका. म्हणून ॲनिलीन साध्या अमाईनपेक्षा दुबळं. दुसरी हायब्रिडायझेशनची: जी जोडी मोकळी आहे ती कुठल्या कक्षेत बसली आहे ते बघा. एसपी-थ्रीमध्ये सैल, एसपी-टूमध्ये नायट्रोजनच्या जास्त जवळ आणि घट्ट, एसपीमध्ये सगळ्यात घट्ट. तिसरी इंडक्टिव्ह परिणामाची: शेजारचे गट इलेक्ट्रॉन ढकलतात की ओढतात. ‘चाळण्या क्रमाने लावायच्या,’ असं सर म्हणायचे, आणि माझी शेजारीण वहीत ‘क्रमाने’ खाली दोनदा रेघ ओढायची.

त्या तिमाहीच्या टेस्टमध्ये एक प्रश्न होता. चार संयुगं: डायमिथिलअमाईन, इथिलअमाईन, ॲसिटामाइड आणि ॲसिटामिडीन. बेसिसिटीचा उतरता क्रम निवडा. शेवटच्या ॲसिटामिडीनमध्ये एकाच कार्बनला दोन नायट्रोजन असतात, एक साध्या बंधाने जोडलेला एनएचटू आणि एक दुहेरी बंधाने जोडलेला एनएच. मी ॲसिटामिडीन सर्वांत वर असलेला पर्याय निवडला. तिने डायमिथिलअमाईन वर असलेला.

नोटिसबोर्डवर यादी लागली. तिचा नंबर चाळिसावा, माझा बेचाळिसावा. उत्तरसूचीत तिचं उत्तर बरोबर होतं. तिच्या आनंदात मला आनंद झाला असं लिहायला हवं, पण मला आधी दिसली ती उत्तरसूचीतली ती ओळ. चार गुण गेले होते आणि चुकीच्या उत्तराचा एक वर कापला गेला होता. घरी येऊन मी पुस्तक उघडलं. मागच्या तक्त्यात ॲसिटामिडीन खरोखरच सर्वांत वर होतं. कारण तिथे दिलेलं नव्हतं.

त्या कोचिंगमध्ये सोमवारी हरकतीचा तास असायचा. उत्तरसूचीवर ज्याची हरकत असेल त्याने दोन्ही बॅचसमोर फळ्यापाशी जाऊन ती सिद्ध करायची. मोठे सर मागच्या बाकावर बसून ऐकत. सिद्ध झाली तर सूची सगळ्यांसाठी बदलायची, नाही झाली तर छापलेलं उत्तर कायम, मग ते चूक का असेना. त्यांचं म्हणणं असं की खरं उत्तर त्यांना ठाऊकच असतं, आम्हाला ठाऊक आहे का एवढंच त्यांना बघायचं असतं.

मी हरकतीची चिठ्ठी टाकली. शेजारणीला सांगितलं नाही.

सोमवारी माझा रोल नंबर पुकारला तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं, आणि मग प्रश्नाचा क्रमांक ऐकून वहीकडे. फळ्यापाशी मी ॲसिटामिडीन काढलं आणि म्हटलं की यात नायट्रोजन दोन आहेत, म्हणून जोड्याही दोन, म्हणून हे सर्वांत बेसिक. टेस्टमध्ये माझ्या डोक्यात खरंच इतकंच होतं. मोठ्या सरांनी मागून विचारलं, ‘‘बेटा, प्रोटॉन बैठेगा कहाँ?’’

मी एनएचटूवर बोट ठेवलं. तोच एसपी-थ्री दिसत होता.

मधल्या बाकांवरून कुणीतरी हळू म्हणालं, ‘‘तुक्का था.’’ दोन-चार जण हसले. सर हसले नाहीत. ‘‘जवाब सही, वजह ग़लत,’’ ते म्हणाले. ‘‘कल वजह लेकर आना. नहीं तो सूची यही रहेगी.’’

परतताना शेजारीण नेहमीसारखी माझ्याबरोबर ई-रिक्षात बसली. दाना ओलीच्या तोंडाशी उतरताना एवढंच म्हणाली, ‘‘तू अंदाजाने लिहिलंस ना?’’ मी हो म्हटलं. ती म्हणाली, ‘‘मी तीनही चाळण्या लावल्या होत्या.’’

हे मला दिवसभर टोचत राहिलं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त टोचत होतं ते दुसरंच. तिच्या चाळण्या चुकल्या नव्हत्या. मी त्या स्वतः लावून बघितल्या. एनएचटूची जोडी रेझोनन्समध्ये, तो बाद. उरला दुहेरी बंधाचा नायट्रोजन, त्याची जोडी मोकळी पण एसपी-टूमध्ये, म्हणजे एसपी-थ्री अमाईनांच्या खाली. प्रत्येक पायरी बरोबर, आणि उत्तर चूक. असं कसं होऊ शकतं?

संध्याकाळी आई साडीला फॉल लावत होती. मी तिच्याजवळ जमिनीवर बसून कागदावर तेच तेच काढत होते. तिने विचारलं काय चाललंय. मी सांगितलं, एक कण आहे, त्याला बसायला दोन जागा आहेत, कुठे बसेल ते कळत नाही. आईला यातलं काही येत नाही. दाताने दोरा तोडून ती म्हणाली, ‘‘अगं, दोन्हीकडे बसवून बघ ना. बसल्यावर कळतं.’’

बसल्यावर. आम्ही सगळ्या चाळण्या प्रोटॉन यायच्या आधी लावत होतो. तो आल्यानंतर काय होतं ते कुणीच बघत नव्हतं.

आधी मी तो एनएचटूवर बसवला. त्या नायट्रोजनची जोडी प्रोटॉनला गेली, त्याचे चार बंध पूर्ण झाले, शेजाऱ्याला द्यायला काहीच उरलं नाही, आणि धन भार त्या एकट्यावर अडकला. मग तो दुहेरी बंधाच्या नायट्रोजनवर बसवला. आता दोन्ही बाजूंना एनएचटूच दिसू लागले. ज्याला आम्ही पहिल्या चाळणीत बाद केलं होतं त्याने आपली जोडी कार्बनकडे सरकवली, दुहेरी बंध त्याच्या बाजूला आला, आणि भारही तिकडे गेला. परत उलट काढलं तरी चित्र तेच. भार दोघांमध्ये अगदी सारखा वाटलेला. असा आयन निवांत असतो, प्रोटॉन सोडायची घाई करत नाही. एसपी-टूचा तोटा होताच, पण हा फायदा त्याच्याहून कितीतरी मोठा होता.

मी कागद आईला दाखवला. तिने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, छान आहे, दोन्ही बाजू सारख्या आल्या. मला वाटतं तिला ते खरंच कळलं होतं.

त्यानंतरच माझ्या लक्षात आलं की हे उद्या बोलले तर काय होईल. सूची बदलेल. माझे पाच गुण वाढतील, शेजारणीचे पाच कमी होतील. मी आत, ती बाहेर. आणि मी गप्प बसले तर कुणाला कळणारही नव्हतं. गप्प बसणं मला चांगलं जमायचं.

सकाळी ती ओलीच्या तोंडाशी उभी होती. रिक्षात बसल्याबरोबर तिने विचारलं, ‘‘सापडलं?’’

मी खोटं बोलू शकले असते. पण ते चित्र कुणाला तरी दाखवायची मला इतकी घाई झाली होती की मी तिच्याच वहीच्या मागच्या पानावर काढायला लागले. रिक्षा सराफ्याच्या गर्दीत थांबत थांबत जात होती, रेघा वाकड्या येत होत्या. दुसरा बाण काढायच्या आधीच तिने पेन माझ्या हातातून घेतलं आणि तो स्वतः काढला.

‘‘पण हे आपल्याला शिकवलंच नाहीये,’’ ती म्हणाली.

‘‘नाही.’’

‘‘मग माझं चुकलं. मतलब, चुकलं नाही, पण चुकलं.’’

मी म्हटलं की मी नाही गेले फळ्यापाशी तरी चालेल. ती एकदम चिडली.

‘‘तू नाही गेलीस तर मी जाईन. पण माझं अक्षर घाण आहे, सरांना बाण दिसणार नाहीत.’’

मी गेले. माझा आवाज पहिल्या दोन बाकांपलीकडे पोहोचला नसेल, म्हणून मी बोलणं सोडून फक्त काढत गेले: प्रोटॉन इकडे, भार अडकला, प्रोटॉन तिकडे, भार वाटला. सरांनी मागून विचारलं, मग ॲसिटामाइड सर्वांत खाली का? हे मी तयार केलं नव्हतं. तिथेही एक एनएचटू आणि एक दुहेरी बंध होता, फक्त तो ऑक्सिजनशी. तेवढ्यात माझ्या शेजारणीने जागेवरूनच हिंदीत सांगितलं की तिथे नायट्रोजनची जोडी ऑक्सिजन आपल्याकडे ओढतो आणि दुसरा नायट्रोजनच नाही जो प्रोटॉन घेईल. सर म्हणाले, ठीक. तरुण सरांनी सूचीत खाडाखोड केली आणि बाहेर गेले.

दुपारी नवी यादी लागली. मी सदतिसावी, ती सेहेचाळिसावी. तिने बोटाने आपला रोल नंबर शोधला आणि म्हणाली, चल, भूक लागलीय.

पहिल्या बॅचमधल्या माझ्या पहिल्याच तासाला मोठ्या सरांनी सहज सांगितलं की तीन चाळण्यांनंतर चौथी गोष्ट नेहमी बघायची: प्रोटॉन घेतल्यावर आयन कसा दिसतो. तिथल्या मुलांना ते आधीपासून माहीत होतं. कुणी लिहूनही घेतलं नाही. मी लिहिलं, आणि संध्याकाळी ती वही घेऊन दाना ओलीत गेले.

तिने ती ओळ आपल्या वहीत उतरवली, चौकट आखली. ‘क्रमाने’च्या खालच्या दोन रेघा तशाच राहू दिल्या. मग एका कार्बनभोवती तीन नायट्रोजन काढले, एकाला दुहेरी बंध दिला, आणि वही माझ्याकडे सरकवली.

‘‘ह्याचं नाव ग्वानिडीन. आज आमच्या सरांना विचारलं, ते म्हणाले बघून सांगतो. आपण आधी बसवून बघू.’’