राम राम, जय भीम आणि नातीचं 'हाय'

मित्रहो, आज सकाळचीच गोष्ट. पेडगावचा माझा जुना दोस्त केरबा माझ्या हॉटेलात येऊन तोंड पाडून बसला. नात आज नोकरीसाठी पुण्याला निघालेली, आणि हा तिच्याशी अबोला धरून! कारण काय, तर तिनं "हाय आजोबा" म्हटलं.

"जय भीम सोडून हाय? आमी काय फुकट भांडलो?"

मी म्हटलं, "विद्यापीठ नामांतराच्या लढ्यातली माझी चहाची टपरी आठव. तू तिथं पाटलाला पहिल्यांदा जय भीम घातलास, तवा तुझा बाप काय म्हणला?"

"म्हणला, 'राम राम म्हण लेका, त्यांच्याच रानात काम हाय आपलं.'"

"आन् आजा?"

"आजा जोहार घालायचा. पार वाकून."

मी त्याला सांगितलं, जोहारच कशाला, साधं नमस्ते म्हणजेही 'तुला वंदन'. त्यात मुळातच वाकणं आहे. हॅलो ही इंग्रजांची लांबच्या माणसाला थांबवायची हाळी. फोन आला, तेव्हा पलीकडच्याचं लक्ष वेधायला तीच कामी आली, आणि हळूहळू तिचा नमस्कार झाला. हायसुद्धा तशीच हाक. त्यात कुणी कुणापुढं वाकत नाही.

"पोरगी हाक मारायलीय केरबा, तू ओ दे की."

मग केरबा नातीला फोन लावून म्हणाला, "हॅलो."

पलीकडून आवाज आला, "जय भीम आजोबा! गेला का राग?"



तुमच्या घरी आजा काय म्हणायचा? आणि नातवंडं काय म्हणतात?