समता मॅडमचा उंबरठा

मेहकरच्या कॉलेजात अकरावीला फ्रेंच घेतं तरी कोण, असं म्हणाल तर चुकाल. मार्क भरपूर पडतात, म्हणून पोरं घेतात. शिकवायला होत्या समता गवई. बीबी गावच्या इंद्रभान गवईंची थोरली, तासिका तत्त्वावर राबणारी, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पोरं त्यांना टरकून असत, आणि मॅडमना त्यात काही वावगं वाटत नसे.

त्यांच्या वर्गाची रीत साऱ्या कॉलेजाला ठाऊक होती. आत यायचं तर उंबरठ्यावर थांबून एक फ्रेंच नाम म्हणायचं, आणि त्याच्या आधी पुल्लिंगाचं 'अँ' नाहीतर स्त्रीलिंगाचं 'यून' लावायचं. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाहीच. टेबलसुद्धा बाई आणि पंखासुद्धा बुवा. चुकलं की बाहेर! तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभं राहायचं.

"मॅडम, अंदाज कसा करायचा?" असं ओवीनं एकदा विचारलं होतं.

"अंदाज पावसाचा करतात. शब्द पाठ करायचा," मॅडम गरजल्या होत्या.

ह्या गरजण्यामागे एक जुनं दुखणं होतं. पुण्याला एम.ए. करताना पहिल्याच महिन्यात समतानं वर्गात हात वर केला होता. ए-जी-ई ह्या अक्षरांनी, बोलताना 'आज'नं, संपणारे शब्द बहुतेक पुल्लिंगी असतात, हे तिनं आपलं आपण हेरलं होतं, म्हणून समुद्रकिनाऱ्याला, 'प्लाज'ला, तिनं पुल्लिंगी करून टाकलं. प्लाज नेमका अपवाद, स्त्रीलिंगी. प्राध्यापक हसले आणि म्हणाले, "समुद्र पाहिला नसेल तर असे अंदाज निघतात." सगळा वर्ग फिदीफिदी हसला. तिनं "मले वाटलं" एवढंच म्हटलं, तर त्या 'मले'वर आणखी एक लाट आली. त्या दिवसापासून समतानं तोंडातून वऱ्हाडी काढून टाकली आणि डोक्यातून अंदाज.

आणि ह्या वर्षी फ्रेंचच शिकवायला आला आल्हाद. संस्थेचे सचिव नीळकंठराव ह्यांचा भाचा. पुण्यात वाढलेला, इस्त्रीतला सदरा, वर मॅडमच्याच स्टाफरूममधे पाय पसरून बसणारा. पूर्णवेळ जागा एकच होती. नीळकंठरावांनी तोडगा काढला, "वर्गाचे दोन भाग करा. महिनाभर शिकवा. मग बाहेरचे परीक्षक नवे शब्द देतील. ज्यांची मुलं जास्त बरोबर, त्यांची जागा."

"नवे म्हणजे न शिकवलेले?" मॅडमनी विचारलं.

"हो तर! पाठ केलेलं कोणीही म्हणेल," आल्हाद हसत म्हणाला. त्या हसण्यानं मॅडमच्या डोक्यात तिडीक गेली.

आल्हादनं फळ्यावर शब्दांचे शेवट लिहून दिले. ए-जी-ईचे आणि 'माँ'चे शब्द बहुतेक पुल्लिंगी, 'स्यों'चे स्त्रीलिंगी, ई-ए-यू अक्षरांचे, म्हणजे बोलताना 'ओ'नं संपणारे, पुल्लिंगी. अमूर्त गुणांची 'ते'नं संपणारी नावं स्त्रीलिंगी. त्याची पोरं नवा शब्द दिसला की शेवट पाहून मोकळी. व्हरांड्यातून जाणाऱ्या मॅडमना हे ऐकू येई, आणि पुण्यातलं ते हसू पुन्हा कानात वाजे.

"बरं, प्लाज कुठं बसतो तुमच्या नियमात?" एक दिवस त्यांनी त्याच्या दारात उभं राहून विचारलं.

"अपवाद आहे, मॅडम. असतात थोडे."

"थोडे? दाखवतेच तुम्हाला!"

आणि इथं ह्या बाईची बुद्धी फिरली, हे मी स्पष्टच सांगतो. शिकवायचं सोडून ती आल्हादचे नियम ठेचायला बसली. ए-जी-ईचे स्त्रीलिंगी अपवाद शोधले: किनारा 'प्लाज', चित्र 'इमाज', पान 'पाज', पिंजरा 'काज'. 'ओ'मधले दोन काढले: पाणी 'ओ' आणि कातडी 'पो', दोन्ही स्त्रीलिंगी. 'ते'मधले पुल्लिंगी हुडकले: उन्हाळा 'एते', बाजू 'कोते'. परीक्षक चलाख असणार, अपवादच विचारणार, अशी तिची खात्री. उंबरठ्यावर रोज तेवढेच शब्द. ओवी तर झोपेतून उठवली तरी घडाघडा म्हणे. मूळ नियम मात्र मॅडमनी एकदाही उच्चारला नाही. आल्हादचा नियम आपल्या तोंडून? विटाळच की तो!

परीक्षेला आलेले शब्द अगदी साधे निघाले. खेडं 'व्हिलाज', चीज 'फ्रोमाज', प्रवास 'व्वायाज'. होडी 'बातो', केक 'गातो'. स्वातंत्र्य 'लिबेर्ते', सौंदर्य 'बोते', समता 'एगालिते'. एखाददुसरा अपवाद, बस्स.

निकाल नीळकंठरावांनी स्टाफरूममधेच वाचला, सगळ्यांसमोर. आल्हादची पोरं अपवादांत आपटली होती, बाकी सगळं बरोबर. मॅडमच्या पोरांचे अपवाद चोख, आणि साधे शब्द एकजात उलटे! खेडं स्त्रीलिंगी, चीज स्त्रीलिंगी, होडी स्त्रीलिंगी.

"निदान अंदाजानं तरी निम्मे यायला हवे होते," आल्हाद म्हणाला. "हे तर ठरवून चुकल्यासारखं झालंय."

"तोंड सांभाळा," मॅडम म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

ओवी व्हरांड्यात उभी होती, रडून डोळे लाल झालेले. मॅडम तिच्यावर धावून गेल्या. "चीज स्त्रीलिंगी कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच! प्लाज, इमाज, पाज, काज, सगळे स्त्रीलिंगीच तर शिकवले. मला वाटलं तसे सगळेच असतात."

"मग समता? एगालिते? तिला 'अँ' कशानं लावलंस?"

"उन्हाळा आणि बाजू पुल्लिंगी सांगितले होते ना. दोन्ही 'ते'वालेच. म्हणून अंदाज केला." ओवी हुंदका गिळून म्हणाली, "मॅडम, आता मी बाहेरच उभी राहू का?"

मॅडमच्या बापानं मोठ्या मायेनं ठेवलेलं नाव पोरीनं त्यांच्याच शिकवण्यानं चुकवलं होतं. पुण्यात एका अंदाजाला लोक हसले, म्हणून इतकी वर्षं त्यांनी प्रत्येक अंदाजाला दाराबाहेर उभं केलं. तो हसणारा प्राध्यापक बरा म्हणायचा, त्यानं निदान तासाला तरी बसू दिलं होतं! लाज वाटली, फार लाज वाटली.

जागा आल्हादला गेली. मॅडमचे महिनाअखेरपर्यंतचे तास उरले होते. दुसऱ्या दिवशी पोरं सवयीनं दारात रांग लावून, शब्द पुटपुटत उभी राहिली.

"काऊन उभे राह्यले बे? या ना आत!" मॅडम म्हणाल्या. पोरं चपापली. ही बोली त्यांनी मॅडमच्या तोंडून कधी ऐकलीच नव्हती.

"समता, बंधुता, ममता. तो का ती?"

"ती!" पोरं एकदम ओरडली.

"कोणी पाठ करून घेतलं होतं? नाही ना. कानाले शेवट कळला. फ्रेंचातल्या गुणांच्या नावांच्या 'ते'चंही असंच हाय. लिबेर्ते, एगालिते, बोते, सगळ्या त्या. आधी हे. उन्हाळा न् बाजू मंग पाहू."

"मॅडम, पण पिता?" मागच्या बाकावरून रवी म्हणाला. "तो पण 'ता'वालाच ना?"

दोघंतिघं खिदळली. मॅडमनी टेबलावर अशी थाप मारली की खिडकी थरथरली.

"हसायचं नाही! ह्या वर्गात अंदाजाले कोणी हसायचं नाही."

आल्हाद व्हरांड्यातून जाताना थबकला आणि गालात हसत डोकावला. मॅडमनी त्याच्या तोंडावर खिडकी लावून घेतली आणि वळून म्हणाल्या, "हं, रवी. बरोबर पकडलास. आता अजून एक सांग, चुकला तरी चालन."