काटा लाल रेघेवर

टॅक्सी स्टँडवर त्याला सगळे काटेमास्तर म्हणत. नाव चेष्टेनं पडलं होतं, पण त्यात खोटं काही नव्हतं. लोकांचं लक्ष रस्त्यावर असायचं, गिऱ्हाइकावर असायचं, काहींचं तर फक्त मोबाइलवर असायचं. ह्याचं मात्र डोळ्याच्या एका कोपऱ्यानं सारखं गाडीच्या काट्यांवर लक्ष. नवा कुणी ड्रायव्हर स्टँडला लागला, की चहाचा पहिला घोट उतरायच्या आत काटेमास्तरांची शिकवणी सुरू.

"किल्ली फिरवली की ऑइलचा लाल दिवा लागलाच पाहिजे, आणि इंजिन चालू झालं की विझलाच पाहिजे. चालत्या गाडीत तो लागला तर पुढच्या वळणापर्यंत जाऊ म्हणायचं नाही. तिथल्या तिथं इंजिन बंद करायचं. आणि टेंपरेचरचा काटा चढत चढत एकदम खाली आला, तर गाडी थंड झाली म्हणून खूश होऊ नकोस. पाणी संपलंय. सेन्सरला पाणीच लागत नाही, तो काय सांगणार?"

ऐकणारा मान डोलवायचा. मागून कुणीतरी म्हणायचं, "आणि डिझेलचा काटा, मास्तर?" मग सगळे हसायचे. काटेमास्तर उरलेला चहा फेकून गाडीत जाऊन बसायचा.

कारण त्याच्या गाडीत डिझेलचा काटा कायम लाल रेघेवर असायचा, आणि त्यामागची गोष्ट स्टँडला तोंडपाठ होती.

गाडी दोघा भावांची. वडील, म्हणजे अप्पा, गेले तेव्हा मागे राहिलेल्या वस्तूंत वाटून घेता न येणारी हीच एक होती. घराच्या मध्ये विटांची भिंत घातली, एका दाराची दोन दारं केली, भांडी वाटली. गाडीत भिंत कुठं घालणार? म्हणून दिवस थोरल्याचा, म्हणजे काटेमास्तराचा, आणि रात्र धाकट्याची ठरली. सकाळी आणि संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात जायची. वडील होते तेव्हा त्यांचा एकच नियम असायचा: गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची तर टाकी अर्धी तरी हवी. ते म्हणायचे, "रिकामी गाडी देणं म्हणजे पाहुण्यापुढं रिकामं ताट मांडणं."

वडील गेल्यावर पहिल्याच पावसाळ्यात एका सकाळी धाकट्यानं गाडी दिली ती रिझर्व्हचा दिवा पेटलेली. पोरगी तापानं फणफणली होती, रात्रभर तो दवाखान्याच्या फेऱ्या मारत होता. हे त्यानं सांगितलं नाही आणि थोरल्यानं विचारलं नाही. दोघांच्या बायकांना ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं. पण ह्या घरात बोलायच्या गोष्टी भिंतीशीच थांबायच्या. थोरल्यानं दिवसभर धंदा केला आणि संध्याकाळी गाडी परत दिली तीही दिवा पेटलेली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. करावे तसे भरावे म्हणतात. ह्या दोघांनी भरायचंच सोडून दिलं.

पुढं ती रीतच पडली. ज्यानं त्यानं आपल्या पाळीपुरतं डिझेल घालायचं, थेंबभर जास्त नाही. आणि ह्या कामात काटेमास्तरांचं ज्ञान असं काही उपयोगी पडलं की वडिलांनी वर कपाळावर हात मारून घेतला असेल. चढावर काटा खोटं बोलतो, सपाटीवर आलं की खरं सांगतो. वळणावर डिझेल एका बाजूला सरकलं की दिवा आधी लुकलुकतो आणि मग कायमचा पेटतो. पेटल्यावर किती अंतर जाता येतं. हे सगळं त्याला असं पाठ होतं की धाकट्याला जेमतेम पंपापर्यंत पोचता येईल एवढंच टाकीत राहील, अशी गाडी तो रोज नेमकी आणून उभी करायचा. एवढी अक्कल माणसानं भल्या कामाला लावली असती तर घर सोन्याचं झालं असतं.

आणि त्याला कळत नव्हतं असं नाही, हीच तर चीड आणणारी गोष्ट. गाडी बघणारा मिस्त्री त्यांच्या वडिलांच्या वेळचा. फिल्टर बदलताना त्यानं कितीदा तरी सांगितलं होतं.

"मास्तर, डिझेल नुसतं जळायला नसतं. इंजिनातल्या पंपाला तेल म्हणून तेच, आणि त्याला थंड ठेवतं तेही तेच. इंजिनाकडून जास्तीचं डिझेल तापून टाकीत परत येतं. टाकी भरलेली असली तर ते त्यात निवतं. तळाशी चार घोट असतील तर तेच तेच गरम डिझेल पुन्हा पंपात जातं. पातळ झालेलं, मध्येच हवा ओढलेलं. त्यात रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते, तिचं पाणी होतं, ते तळाला बसतं. पंप सगळं पितो आणि आतून झिजतो."

"मला काय सांगता," काटेमास्तर म्हणायचा. "त्याला सांगा."

धाकट्याला सांगितलं की तो म्हणायचा, "दादाला सांगा, शहाणा तोच आहे."

अशी ती गाडी वर्षानुवर्षं तळाच्या चार घोटांवर चालली. सकाळी चालू व्हायला थोडा जास्त वेळ घ्यायला लागली. चढावर दम धरेना. एकदोनदा इंजिनाचा पिवळा दिवा लागून विझला. काटेमास्तरानं तो पाहिला आणि मनात म्हणाला, आधी त्यानं अर्धी टाकी भरून द्यावी, मग मी दाखवतो मिस्त्रीला. बहुतेक धाकटाही हेच म्हणत असणार; शेवटी एकाच आईची पोरं.

मग ती सकाळ उजाडली. किल्ली घ्यायला काटेमास्तर गल्लीच्या तोंडाशी गेला तर धाकटा गाडीला टेकून उभा. एरवी किल्ली बॉनेटवर ठेवून तो निघून जायचा. आज त्यानं ती हातात दिली.

"दादा, संध्याकाळी जरा लवकर ये. बोलायचंय."

"बोलायचंय काय? वेळेवर येतो रोज."

धाकट्यानं एकदा गाडीच्या टपावरून हात फिरवला आणि तो घराकडे गेला.

काटेमास्तरानं किल्ली फिरवली. काटे उठले. टेंपरेचरचा थोडा वर आला, ऑइलचा दिवा लागून विझला, आणि डिझेलचा काटा सरळ वर जाऊन टोकाला टेकला. टाकी काठोकाठ.

त्यानं काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. किल्ली बंद करून पुन्हा फिरवली. पुन्हा टोक. त्याला हसू आलं. इतकी वर्षं काटे वाचलेला माणूस तो. टाकीतला तरंगता फ्लोट वर अडकला की काटा असाच खोटा बोलतो हे त्याला ठाऊक होतं. टाकी खरंच भरलेली असेल, असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. सूर्य पश्चिमेला उगवला म्हटलं असतं तर त्यानं निदान मान वळवून पाहिलं असतं.

स्टँडवर पहिलंच गिऱ्हाईक मिळालं: एक म्हातारा, मांडीवर पिशवी, गावाबाहेरच्या टेकडीवरच्या इस्पितळात निघालेला. पंप वाटेतच होता, पण म्हाताऱ्याला उशीर झालेला. काटेमास्तरानं विचार केला, येताना भरू. रोजचे चार घोट असतीलच.

अर्ध्या चढावर गाडीनं आचका दिला. पिवळा दिवा लागला. पाय दाबला तरी इंजिन ओढेना. आणखी एक आचका आणि सगळं गप्प. त्यानं ती कडेला लावली. किल्ली फिरवली तर स्टार्टर गुरगुरला आणि इंजिन काही पेटेना. डिझेलचा काटा मात्र टोकाला, जसाच्या तसा, त्याच्या तोंडावर हसत असल्यासारखा.

म्हाताऱ्याला त्यानं मागून आलेल्या रिक्षात बसवून दिलं आणि फोन काढला. धाकट्यानं लगेच उचलला.

"कोरडी दिलीस," काटेमास्तर म्हणाला. "काटा बिघडलेला ठाऊक होता तुला. चार घोटसुद्धा ठेवले नाहीस. चढावर उभाय मी, आजारी गिऱ्हाईक रस्त्यात उतरवलं."

"दादा, टाकी..."

"टाकीचं मला शिकवू नकोस. बापाची गाडी खाल्लीस तू. बोलायचं होतं ना? हेच बोलणं. आजपासून तू मला मेलास."

धाकटा "बरं" म्हणाला आणि फोन बंद झाला.

काटेमास्तर तिरीमिरीत पंपापर्यंत उतरला, कॅन भरून घेतला आणि घामाघूम होऊन वर चढला. टाकीचं झाकण उघडून त्यानं कॅन तिरका केला. पहिला घोट नळीत उतरला आणि तसाच उलटून बाहेर आला. त्यानं आणखी तिरका केला. डिझेल गाडीच्या अंगावरून ओघळलं, त्याच्या चपलांत शिरलं, पायाच्या बोटांमधून रस्त्यावर वाहायला लागलं. कॅन खाली ठेवायचं भान त्याला बऱ्याच वेळानं आलं.

टाकी काठोकाठ भरलेली होती. काटा खरं बोलत होता.

त्यानं पुन्हा फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कुणी उचलला नाही.

मिस्त्रीनं गाडी ओढून नेली, फिल्टर काढला आणि आतलं डिझेल पांढऱ्या ताटलीत ओतून उजेडात धरलं. त्यात लोखंडाचा बारीक चुरा चमचमत होता.

"मोठ्या दाबाचा पंप गेला. त्याचा चुरा नळ्यांत, इंजेक्टरांत, फिरून टाकीत. सगळंच बदलावं लागेल, आणि तेवढं करण्याइतकी ही गाडी आता उरली नाही."

"भरलेल्या टाकीत गेला?"

"झिजला रिझर्व्हवर. मेला तेवढा आज," मिस्त्री म्हणाला. "एका भरलेल्या टाकीनं मागची वर्षं भरून निघत नाहीत, मास्तर."

घरी आला तेव्हा भिंतीपलीकडच्या दाराला कुलूप होतं. आई पायरीवर बसली होती.

"बंदरावर ट्रक चालवायची नोकरी लागली त्याला," ती म्हणाली. "महिनाअखेरीला जाणार होता. गाडी तुलाच सोडून देणार होता, सगळीच. काल रात्रीची सगळी कमाई घातली त्या टाकीत. मला म्हणाला, अप्पांचा नियम एकदा तरी पाळून जातो." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुझा फोन आला आणि बायकोपोरांना घेऊन दुपारच्याच गाडीनं गेला. काय बोललास रे त्याला?"

काटेमास्तर आपल्या दारानं आत गेला. आईनं पुन्हा विचारलं नाही. ह्या घरात तशी रीतच नव्हती. त्यानं नंतर कितीतरी दिवस फोन लावला. आधी वाजायचा, मग नंबर बदलल्याचं सांगायला लागला.

गाडी भंगारात घालायची ठरली. भंगारवाला म्हणाला, आधी डिझेल काढून न्या, भरल्या टाकीची गाडी मी कापायला घेत नाही. मिस्त्रीनं टाकीला नळी लावली. एक कॅन भरला, दुसरा भरला, तिसरा आणावा लागला, तरी येतच होतं. एवढं डिझेल त्या टाकीत मावतं हे काटेमास्तरानं वडील गेल्यापासून कधी पाहिलं नव्हतं.

"चुरा आहे ह्यात, कुठल्या इंजिनात घालू नका," मिस्त्री म्हणाला. "ओतून टाकू?"

"नको," काटेमास्तर म्हणाला.

त्यानं ते कॅन घरी नेले आणि भिंतीपलीकडच्या कुलूप लावलेल्या दाराशी ओळीनं ठेवले. अजूनही ते तिथंच आहेत.